बारा गुलाबजामांची परीक्षा

अर्जदाराचे प्रचलित नाव: मामा. मूळ नाव अर्जाच्या पहिल्या रकान्यात नमूद आहे. मात्र त्या नावाने हाक मारल्यास अर्जदार दुसऱ्याच कोणाला बोलावताहेत असे समजून मागे वळून पाहतो. वय: चोपन्न वर्षे पूर्ण. उंची: मध्यम. बांधा: तुपाच्या सान्निध्यात राहणाऱ्या माणसाचा जसा असावा तसा. ओळखखूण: उजव्या मनगटावर भाजल्याचे तीन डाग, एका ओळीत. शिक्षण: सातवी, तेही दोन प्रयत्नांत. व्यवसाय: तळणे. अनुभव: एकतीस वर्षे. प्रावीण्य: अद्याप सिद्ध व्हावयाचे आहे.

हा शेवटचा रकाना मामाने स्वतः भरलेला नव्हता. तो छापलेलाच होता.

मामा ज्या मिठाईच्या दुकानात काम करत असे, ते चौकाच्या कोपऱ्यावर होतं आणि त्याच्या मागच्या अंगाला भटारखाना होता. तिथे मोठ्या शेगडीवर मामाची कढई असे. तिचा व्यास एवढा की दोन माणसांनी समोरासमोर उभं राहून तळायचं ठरवलं, तर त्यांना एकमेकांशी जरा मोठ्यानं बोलावं लागलं असतं. तीत पंधरा किलो तूप. खाली आच इतकी बारीक, की नवा माणूस हमखास विचारायचा, शेगडी विझली का. मामा खव्याची एक गोळी, वाटाण्याएवढी, तुपात सोडायचा. ती तळाशी जायची, तिथं विचार करत बसायची आणि मग बारीक बुडबुड्यांसह सावकाश वर यायची. उडी मारून वर आली तर तूप तापलेलं. वर आलीच नाही तर तूप थंड. ती जणू जेवण झाल्यावर उठावं तशी आली, की मामा गोळे सोडायला घ्यायचा. मग पंधरा मिनिटं गोळ्यांना हात नाही. झारा फक्त तुपातून गोल फिरवायचा. तूप फिरलं की गोळे आपोआप लोळतात, सगळीकडून सारखे रंगतात, आणि आतला मध्य शिजायला जो वेळ लागतो तो त्यांना मिळतो. घाई केली की बाहेर तपकिरी, आत कच्ची गाठ. ती गाठ पाकाला आत येऊ देत नाही, आणि गिऱ्हाईक ती दाताखाली आल्यावर दुकानाचं नाव घेतं.

एवढं सगळं मामाला एकतीस वर्षं येत होतं, आणि ते येतं असं कोणी कागदावर लिहून दिलेलं नव्हतं. अडचण तिथेच झाली. आगीजवळ काम करणाऱ्या प्रत्येक कारागिराकडे प्रावीण्याचं प्रमाणपत्र असलंच पाहिजे, असा नवा नियम आला. मुदत दोन महिने. प्रमाणपत्र नसलेल्याला शेगडीपासून दूर ठेवावं. दुकानात शेगडीपासून दूर एकच काम होतं: मिठाईच्या खोक्यांना रिबीन बांधणं. मामाची बोटं पाहता ती रिबीन कोणी सोडवू शकलं नसतं.

मालक भला माणूस होता. त्यानं मामाला समजावून सांगितलं, की घाबरण्यासारखं काही नाही. एका दिवशी सकाळी जायचं, बारा गुलाबजाम करून दाखवायचे आणि कागद घेऊन परत यायचं.

"बाराच?" मामानं विचारलं.

"बाराच."

मामा तिथल्या पिंपावर बसला. त्याच्या चेहऱ्याचा रंग पाहून मालकाला वाटलं, मामाला परीक्षेची भीती वाटते. तसं नव्हतं. मामानं आयुष्यात कधी बारा गुलाबजाम केले नव्हते. चार किलो खवा हा त्याचा सगळ्यात लहान आकडा होता. त्याखाली काय असतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

रविवारी दुपारी त्यानं घरी सराव करायचं ठरवलं. मामी एका दवाखान्यात औषधं बांधून द्यायची. पंधरा वर्षं थेंब, चमचे आणि पुड्या मोजण्यात गेलेली. तिनं दीडशे ग्रॅम खवा आणि चाळीस ग्रॅम मैदा वेगवेगळ्या वाट्यांत काढून ठेवला आणि ती मोड आलेली मटकी निवडत बाजूला बसली. मामानं खवा घरातल्या मोठ्या परातीत घेतला आणि तळहातानं रगडायला सुरुवात केली. रगडणं त्याच्या सवयीचं होतं. खव्याचा एकही कण राहिला की गोळ्याला तिथूनच भेग जाते. पण दोन हात मारल्यावर खवा परातीला इतका पातळ लागला, की तो शोधावा लागला.

मग त्यानं मैद्याची वाटी बाजूला सारली आणि सवयीनं हात डब्यात घातला. त्या हाताला एकच मूठ माहीत होती. गोळा झाला तो टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून ठेवण्याच्या लायकीचा होता. दाबल्यावर कडेला चिरा पडल्या. मामानं दूध घातलं, तेही दुकानातल्या हिशेबानं, म्हणजे तांब्या वाकडा करून. पीठ बोटांना चिकटलं. मैदा घातला. कोरडं झालं. दूध घातलं. आता खवा कमी पडू लागला, म्हणून तो चपला घालून दुकानात गेला आणि खवा घेऊन आला. तो संपल्यावर परत गेला. चूक दुरुस्त करत करत, पाच वाजेपर्यंत, तो आपल्या ओळखीच्या आकड्यापाशी येऊन पोचला. चार किलोंवर पीठ लोण्यासारखं झालं. मामाचा चेहरा निवळला.

घरातल्या कढईत एका वेळी पंधरा मावत होते. सात वाजून गेले तरी तळण चालूच होतं. इमारतीतल्या सगळ्या बिऱ्हाडांना वाट्या गेल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना साखरेचा त्रास होता, त्यांच्याकडे गेली ती वाटी रिकामी होऊन सगळ्यात आधी परत आली.

मामीनं शेवटची वाटी पुसून ठेवली. "अहो, तुम्हाला बारा येत नाहीत," ती म्हणाली. "तुम्हाला तीनशे येतात."



दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यातून औषधाचा ड्रॉपर घेऊन आली, लहान मुलांना औषध पाजतात तो. तिचं म्हणणं असं, की गोळा चुकतो तो खव्यामुळे नाही, दुधामुळे. आणि दीडशे ग्रॅमला दूध घालायचं नसतं, पाजायचं असतं. एक थेंब. थांबायचं. पीठ नुसतं गोळा करायचं, चपात्यांसारखं तिंबायचं नाही. एक गोळी वळून अंगठ्यानं दाबायची. कड फुटली तर आणखी एक थेंब. मामाला हे अपमानास्पद वाटलं. एकतीस वर्षं अंदाजानं कमावलेला माणूस, आणि त्याला थेंब मोजायला लावलेलं. पण तो करत राहिला, कारण त्याच्या डोळ्यांपुढे रिबिनी होत्या. लहान कढईतलं तूप दोन मिनिटांत भडकतं हेही मामीनंच पाहिलं आणि कढईखाली जाड लोखंडी तवा सरकवला. तव्यावर आच पसरली, तूप शहाणं झालं.

तीन आठवडे हे चाललं. मामानं बारा केले, पुन्हा बारा केले, आणि एका बुधवारी बाराच्या बारा असे उतरले, की कुठे केसाएवढी रेघ नाही आणि कापल्यावर आत एकसारखा रंग. त्यानं एक अर्धा मामीपुढे धरला. तिनं तो उजेडात नेऊन आतून तपासला, मग खाल्ला, आणि मटकीकडे परत गेली. मामानं हे प्रमाणपत्रच समजलं.

परीक्षेचं ठिकाण म्हणजे एका प्रशिक्षण संस्थेचा लांबट हॉल होता. आठ ओटे, आठ शेगड्या, वर आठ पंखे, आणि फळ्यावर आदल्या दिवशीच्या केकची आकृती. दारावरच्या लिपिकानं उमेदवारांचे खिसे तपासले. मामाच्या खिशात ड्रॉपर निघाला. लिपिकानं तो उलटसुलट पाहिला, यादी पाहिली, आणि "वैद्यकीय उपकरण" असं लिहून काढून घेतला. मामानं वाद घातला नाही. ड्रॉपर जवळ बाळगणारा आचारी ही गोष्ट त्याला स्वतःलाच समजावून सांगता आली नसती.

उमेदवार आठ. मामाच्या शेजारच्या ओट्यावर एक चष्मेवाली मुलगी होती, घरून केक करून विकणारी. तिनं आपली सगळी भांडी उंचीप्रमाणे लावून ठेवली होती. पलीकडे एका उपाहारगृहातला वाढपी होता. तो नियमांची प्रत पेन्सिलीनं खुणा करून घेऊन आला होता आणि पहिल्या पाच मिनिटांत त्याचं नाव वकील पडलं. परीक्षक बाई तरुण होत्या, कोऱ्या एप्रनमध्ये, आणि त्यांच्या हातात गुणपत्रकाचा तक्ता होता: पाक वीस गुण, गोळे चाळीस, तळणे चाळीस. पन्नासला उत्तीर्ण. मागच्या दोन परीक्षांत या केंद्राचा निकाल शून्य टक्के लागला होता, हे त्या कोणाला सांगत नव्हत्या. लिपिक सांगत होता.

मामानं पाक केला आणि चिकट झाला का ते बोटानं पाहिलं. बाईंनी तक्त्यावर काहीतरी लिहिलं. मग पीठ. ड्रॉपर नव्हता, पण तीन आठवड्यांत थेंब त्याच्या बोटांत उतरला होता. त्यानं दुधात बोट बुडवून झटकलं, दाबून पाहिलं, पुन्हा झटकलं. पीठ जमलं. दहा मिनिटं झाकून ठेवलं. आणि त्यानंतर मामाच्या हातांनी, मामाला न विचारता, बाराही गोळे पाऊण मिनिटात वळून टाकले. दुकानात तो असेच वळत असे, कारण दुकानात तूप केव्हाच तयार असतं. वळलेला गोळा खाली टेकायच्या आत कढईत जातो. बाईंनी गोळे मोजले, वजन केलं, गुळगुळीत आहेत अशी नोंद केली आणि सही केली. चष्मेवालीनं आपले गोळे वळायला दहा मिनिटं घेतली, प्रत्येक गोळा होताक्षणी ओल्या रुमालाखाली सरकवत. बाकीच्यांनीही तिचं पाहून आपापले गोळे झाकले.

मग सगळ्यांनी शेगड्या पेटवल्या, आणि कळलं, की या शेगड्यांना दोनच अवस्था आहेत: भडका आणि विझणं. मधलं काही नाही. बटण मधे आणलं की ज्योत फटकन जायची. अर्धा किलो तूप, पातळ पत्र्याची कढई, खाली भडका. मामानं चाचणीची गोळी सोडली. ती तळाला न टेकता उडी मारून वर आली आणि काळी पडली. त्यानं कढई उतरवली, थांबला, पुन्हा गोळी सोडली. ती तळाशी बसून राहिली. पुन्हा चढवली, पुन्हा उडी. तवा मागितला. संस्थेत तवा एकच होता, आणि एकाला दिला तर आठांना द्यावा लागला असता. पलीकडे एकानं धीर सोडून उरलेल्या पिठाचा एक गोळा तळून पाहिला. तो दीड मिनिटात छान तपकिरी झाला. कापला तर आत पांढरं कच्चं पीठ. निकाल शून्य टक्के लागण्याची ती पद्धत सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली.

या सगळ्यात अर्धा तास गेला, आणि त्या अर्ध्या तासात वरचा पंखा चालू होता. मामानं ताटलीकडे पाहिलं. त्याच्या गोळ्यांवर साल धरली होती आणि त्या सालीत बारीक रेघा उमटल्या होत्या, एकावर एक, उन्हात राहिलेल्या चिखलासारख्या. त्यानं ओले हात करून ते पुन्हा वळायला घेतले, तोच बाई आल्या. नोंद झालेल्या नगांत फेरफार करता येणार नाही, त्या म्हणाल्या. वकिलानं नियम उघडून पाहिला आणि खेदानं मान डोलावली. तसंच लिहिलं होतं.

घरी असं कधीच का झालं नाही, हे मामाला समजेना. घरीही तो पाऊण मिनिटातच वळत होता, घरीही तूप तापायला वेळ लागत होता. गोळे मात्र ताजेच राहायचे. ते का, हा प्रश्न त्याला तीन आठवड्यांत पडला नव्हता आणि आता विचारायला घरी जाता येत नव्हतं.

गोळे गेले होते. आता चाळीस गुण तळण्याचे होते, आणि शेगडी त्याला ते देणार नव्हती. बाकीच्या सातांचीही तीच गत होती. चष्मेवाली आपल्या गुळगुळीत गोळ्यांकडे पाहत चष्मा पुसत होती. पुसून झाला तरी पुसत होती.

तेव्हा मामा बोलला. सकाळपासून तवा मागण्यापलीकडे त्यानं तोंड उघडलं नव्हतं.

"बाई, आच मोठी नाही. तूप कमी आहे. आठांचं तूप एका कढईत ओता, खाली तो तवा टाका, ह्याच भडक्यावर मंद होईल. गोळेही सगळ्यांचे एकदम सोडू."

बाईंनी तक्त्याकडे पाहिलं. परीक्षा वैयक्तिक होती. त्यांनी तसं सांगितलं. मग सगळ्यांनी वकिलाकडे पाहिलं, आणि वकिलानं, आयुष्यात पहिल्यांदाच कोणी विचारल्याच्या आनंदात, पेन्सिल टेकवत टेकवत कलम वाचलं. पाक स्वतःचा हवा. पीठ स्वतःचं हवं. तळणात उमेदवाराचा प्रत्यक्ष सहभाग हवा. तूप कोणाचं आणि कढई कोणाची, याबद्दल नियम काही बोलत नव्हता. बाईंना दोन वेळचा शून्य टक्के आठवला असावा. त्यांनी संस्थेच्या कोठारातून मोठी कढई आणायला सांगितली. तिच्यात कुंडी ठेवलेली होती, ती काढून कढई घासावी लागली.

चार किलो तूप. खाली तवा. मामानं गोळी सोडली. ती तळाशी गेली. आठ उमेदवार, एक परीक्षक आणि दारातला लिपिक खाली वाकून पाहत राहिले. गोळी हलली, थांबली, आणि बारीक बुडबुडे सोडत, कोणाचीही पर्वा न करता, वर आली.

मग सहभागाचा प्रश्न. मामाला एक घाणा उतरायला सोळा मिनिटं लागत, उमेदवार आठ, हजेरीक्रमानं प्रत्येकी दोन मिनिटं. घड्याळ लिपिकाकडे. शहाण्णव गोळे एकामागून एक तुपात उतरले आणि आठ माणसं झाऱ्यासाठी रांगेत उभी राहिली. मामा कढईपाशीच राहिला, कारण पहिल्याच उमेदवारानं झारा गोळ्यांत खुपसला.

"गोळ्यांना नाही," मामा म्हणाला. "तुपाला फिरवा. ते आपले फिरतील."

फिरले. पाचव्या मिनिटाला पिवळसर, नवव्याला बदामी. वकिलाला घाई होती, तो शेगडी मोठी करायला वाकला. बटण मुळात आणखी मोठं होत नव्हतं म्हणून वाचलं. शेवटची दोन मिनिटं मामाची होती. त्या दोन मिनिटांत तो एकतीस वर्षं जसा उभा राहत आला तसा उभा होता.

गुलाबजाम निथळून परातीत आले, तसं बाईंच्या ध्यानात आलं, की आता कुठले कोणाचे हे कोणी सांगू शकत नाही. त्यांनी कपाळाला हात लावला. चौऱ्याऐंशी गोळे सारखेच गुळगुळीत होते. कोणीही कुठलेही बारा उचलले असते तरी चाललं असतं. राहिलेल्या बारांतल्या बहुतेकांवर तळताना रेघा रुंदावून भेगा झाल्या होत्या. चष्मेवाली मामाकडे पाहत होती. तिनं परात हळूच त्याच्या बाजूला वळवली, चांगले त्याच्याकडे येतील अशी. मामाच्या ते लक्षात आलं. ताटली भरायला त्यानं थोडा वेळ घेतला.

"हे माझे," तो म्हणाला, आणि तडकलेले वेचून आपल्या ताटलीत ठेवले. एक मात्र त्यातही धड निघाला होता. तो त्याचाच होता याची त्याला खात्री होती. बाईंना नव्हती, पण त्यांनी मान्य केलं.

पाकात मुरल्यावर बाईंनी प्रत्येक ताटलीतला एक कापला. आठही आतून मधोमध शिजलेले, कुठे गाठ नाही, रंग कडेपासून मध्यापर्यंत एकच. तळणाचे गुण सर्वांना सारखे: चाळीसपैकी छत्तीस. चार गुण सामुदायिकपणाबद्दल वजा. चष्मेवाली पहिली आली. मामाला पाकाचे बारा मिळाले, बोट घातल्याबद्दल आठ वजा होऊन. गोळ्यांचे गुण अखंड नगांच्या प्रमाणात द्यायचे होते. बारापैकी एक अखंड, चाळीसपैकी तीन. एकूण एक्कावन्न. बाईंनी बेरीज दोनदा केली. मग मामाच्या ताटलीतला आणखी एक उचलून खाल्ला, भेगेतून पाक भरपूर आत गेलेला, आणि त्याची कुठेही नोंद केली नाही.

घरी मामीनं गुण विचारले. मामानं आधी एकूण सांगितले, मग तळणाचे, मग पाकाचे. शेवटी त्यानं गोळ्यांचेही सांगितले.

"फडका टाकला नव्हतात?"

मामानं मान वर केली. "घरी तो तू टाकत होतीस?"

"छे," मामी म्हणाली. "आपोआप पडत होता."

त्या दिवसापासून मामानं दुकानातल्या परातीवर ओला फडका ठेवायला सुरुवात केली. तूप तयार असताना त्याचा काही उपयोग नाही, हे त्याला कळत होतं. मालकानं विचारलं तेव्हा त्यानं, नवं तंत्र आहे, असं सांगितलं.

प्रमाणपत्र तीन आठवड्यांनी टपालानं आलं. मालकानं ते मागच्या भिंतीला, कढईच्या वर, वाफ लागणार नाही एवढ्या उंचीवर लावलं. त्यावर शिक्का होता, दोन सह्या होत्या आणि मजकूर असा होता: सदर इसम तृतीय श्रेणीत उत्तीर्ण झाला असून, एका वेळी कमाल बारा नगांपर्यंत गुलाबजाम, सक्षम व्यक्तीच्या देखरेखीखाली, तयार करण्यास पात्र आहे.

त्या दिवशी दुपारपर्यंत अकराशे झाले होते.